मुलाखतीआधीचा फॉर्म आणि फुकटची असाइनमेंट

नोकरीच्या पोर्टलवर बायोडेटा टाकला की पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, कन्सल्टन्सीचा असतो. पलीकडची मुलगी घाईत असते. "मॅडम, तुमची प्रोफाइल आमच्या एका क्लायंटला जुळतेय. व्हॉट्सॲपवर डिटेल्स पाठवते, आजच्या आज भरून द्या." फोन बंद होतो आणि लिंक येते. ती उघडली की तीस-चाळीस रकाने समोर येतात. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, एकूण अनुभव, संबंधित अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, हातात दुसरी ऑफर आहे का, नोकरी का सोडताय, पॅन, आधार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे स्लिप, दोन रेफरन्स आणि त्यांचे फोन नंबर. कंपनी कोणती, काम काय आणि पगार किती, याचा मात्र कुठेच पत्ता नसतो.

दुसरा प्रकार थेट कंपनीकडून येतो. एचआरची ईमेल असते, "तुमचा अर्ज आवडला, पुढच्या फेरीसाठी सोबतची असाइनमेंट सोमवारपर्यंत पाठवा." मुलाखतीची तारीख दिलेली नसते. ती 'शॉर्टलिस्ट झालात तर' मिळणार असते. काम उघडून पाहिलं की शनिवार-रविवार गेलेच म्हणून समजायचं.

भरतीच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत आणि या दोन्ही मागण्यांना उमेदवार कसं उत्तर देतात ते जवळून पाहिलं आहे. बहुतेक जण मुकाट्याने सगळं भरून देतात. थोडे चिडून उत्तरच देत नाहीत. दोन्हींत नुकसान उमेदवाराचंच होतं, कारण मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो आणि मागितलेलं सगळंच त्याला लागतं असंही नसतं. विचार करायचा तो क्रमाचा. समोरचा माणूस किती पुढे आला आहे, त्या मानाने आपण किती द्यायचं, एवढंच ठरवायचं असतं. ते ठरवायला पलीकडच्या बाजूला काय चालतं हे आधी कळलं पाहिजे.

रकाने कुणासाठी?

एखाद्या कंपनीला एक जागा भरायची असते तेव्हा ती माहिती अनेकदा चार-पाच कन्सल्टन्सींना एकाच वेळी जाते. ज्या कन्सल्टन्सीचा उमेदवार रुजू होतो, फक्त तिलाच पैसे मिळतात. आपल्याकडे रूढ असलेला दर म्हणजे उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. बाकीच्यांची मेहनत वाया जाते. म्हणून ती घाई असते. रिक्रूटरसमोर एक्सेलची एक शीट उघडी असते. तिला ते लोक 'ट्रॅकर' म्हणतात. संध्याकाळपर्यंत त्यात काही नावं भरून क्लायंटला पाठवायची असतात. तुमच्या फॉर्ममधले निम्मे रकाने हे त्या ट्रॅकरचेच स्तंभ असतात. 'संबंधित अनुभव' आणि 'नोटीस पिरियड' हे शब्द तिथूनच येतात.

पॅन आणि जन्मतारखेचा उगमही याच शर्यतीत आहे. एकच उमेदवार दोन कन्सल्टन्सींनी पाठवला तर फी कुणाला द्यायची, हा वाद होतो. तो मिटवायला क्लायंट आधी आलेल्या नावाला मान देतो आणि पुढचे काही महिने तो उमेदवार त्या कन्सल्टन्सीच्या खात्यावर धरला जातो. नावाचं स्पेलिंग बदलतं, फोन बदलतो, ईमेल दोन असतात. पॅन मात्र एकच असतो. म्हणून माणूस ओळखण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. कारण खरं आहे, पण ती सोय त्यांची आहे. ज्या कंपनीचं नावसुद्धा तुम्हाला सांगितलेलं नाही, तिच्या सोयीसाठी पॅन देण्याची गरज नाही.

या पद्धतीचा एक धोका उमेदवारांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही तीन कन्सल्टन्सींचे तीन फॉर्म भरलेत आणि तिन्हींमागे एकच कंपनी निघाली, तर तुमचं नाव तिथे तीनदा पोचतं. वादात पडण्यापेक्षा काही कंपन्या असा उमेदवार बाजूलाच ठेवतात. तुम्ही नाकारले गेलात हे तुम्हाला कळतं, कशामुळे ते कळत नाही. शिवाय त्या कंपनीत तुमचा जुना सहकारी असेल आणि तो तुमचं नाव आतून सुचवू शकत असेल, तर तीही वाट बंद होते, कारण नाव आधीच कन्सल्टन्सीच्या खात्यावर चढलेलं असतं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नसून कंपनीच्या नावाचा आहे. रिक्रूटर नाव सांगायला कचरते, कारण उमेदवार तिला वगळून थेट अर्ज करेल अशी तिला भीती असते. ही भीती घालवायला तुमच्याकडे एक गोष्ट आहे, लेखी संमती. तिच्या बदल्यात नाव मागायचं. हा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो, पण मजकूर साधारण असा ठेवावा:

"नमस्कार. फोनबद्दल आभार. या जागेत मला रस आहे. माझा एकूण अनुभव ४ वर्षं, त्यातला या कामाचा ३ वर्षं. सध्या पुण्यात आहे, नोटीस पिरियड ६० दिवस, अपेक्षित पगार वार्षिक ८ ते ९ लाख. बायोडेटा सोबत आहे. कंपनीचं नाव, कामाचं वर्णन आणि या जागेसाठी ठरलेली पगाराची मर्यादा कळवावी. ते जुळत असेल तर माझं नाव फक्त या कंपनीकडे, फक्त या जागेसाठी पाठवायची लेखी संमती मी लगेच देईन. पॅन, आधार आणि पे स्लिप ऑफरच्या टप्प्यावर देईन. आज संध्याकाळी ६ नंतर किंवा उद्या सकाळी १० च्या आधी दहा मिनिटं बोलता येईल."

यात रिक्रूटरचा ट्रॅकर भरण्यापुरतं सगळं आहे, त्यामुळे तिचं काम अडत नाही. तुम्ही नाही म्हटलेलं नाही, नंतर देईन म्हटलं आहे. आणि बोलायची वेळही तुम्हीच सुचवली आहे. ज्या रिक्रूटरकडे खरोखर जागा असते, ती या मजकुरावर फोन करतेच. जिच्याकडे जागा नसते आणि नुसते बायोडेटा गोळा करायचे असतात, ती पुन्हा तीच लिंक पाठवते. हा फरक मी इतक्या वेळा पाहिला आहे, की त्यावर विसंबायला हरकत नाही.

सध्याच्या पगाराचा रकाना हा अवघड मामला आहे. तो विचारू नये असा कायदा आपल्याकडे नाही, आणि अनेक क्लायंट तो रकाना रिकामा असलेली नावं घेतच नाहीत. आधी अपेक्षित पगाराची मर्यादा द्यावी. फारच आग्रह झाला तर खरा आकडा सांगावा. फुगवलेला आकडा कधीही देऊ नये, कारण ऑफरच्या वेळी पे स्लिप आणि फॉर्म १६ मागितले जातात आणि तफावत दिसली की हातातली ऑफर जाते.

कागदपत्रांचा क्रम साधारण असा ठरवावा. पहिल्या फोनला बायोडेटा, शहर, अनुभव, नोटीस आणि अपेक्षित पगार. मुलाखत झाल्यावर, तुम्ही जवळजवळ निवडले गेलात असं कळल्यावर रेफरन्स, तेही ज्यांचे नंबर देताय त्यांना आधी विचारून. सध्याच्या साहेबांचा नंबर तर राजीनामा देईपर्यंत देऊच नये. पे स्लिप, पॅन आणि यूएएन हे कंपनीच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून पगाराचा लेखी प्रस्ताव आल्यानंतर. आधार द्यायचीच वेळ आली तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार उतरवून घ्यावा. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. आणि ओटीपी कुठल्याच टप्प्यावर, कुणालाच नाही.

पॅनची एवढी काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. पॅन आणि जन्मतारीख एकत्र असली की तुमच्या नावाने कर्जाची चौकशी करता येते. काही भामट्या फर्म खोटा पगारखर्च दाखवायलाही असे पॅन वापरतात, आणि मग ज्या कंपनीत कधी पाऊल ठेवलं नाही तिचा पगार तुमच्या प्राप्तिकराच्या नोंदीत दिसू लागतो. ज्यांनी असे फॉर्म आधीच भरले आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये, फक्त तपासावं. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस ही दोन विवरणं मिळतात. त्यांत अनोळखी कंपनीचं नाव नाही ना, ते पाहावं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट अहवाल फुकट मिळतो. त्यात आपण न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसली तर त्या संस्थेकडे लगेच हरकत नोंदवावी.

कायद्याची दिशाही याच बाजूची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्व असं, की सांगितलेल्या कामासाठी जेवढी माहिती आवश्यक आहे तेवढ्यापुरतीच संमती धरली जाईल. कायद्यात दिलेलं उदाहरण फार बोलकं आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने तुमची संपर्कयादीही मागितली आणि तुम्ही 'हो' म्हटलंत, तरी सल्ला द्यायला ती यादी लागत नसल्यामुळे तुमची संमती तिला लागू होत नाही. अर्ज पुढे पाठवायला वडिलांचं नाव आणि आधार लागतो का, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे, त्यामुळे रिक्रूटरला कलमं ऐकवण्यात अर्थ नाही. पण 'ही माहिती नेमकी कशासाठी हवी?' असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही, एवढं मनाशी पक्कं असावं.

मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या पोर्टलवरचा लांबलचक अर्ज ही वेगळी गोष्ट आहे. तिथे समोर माणूसच नसतो, त्यामुळे घासाघीस कुणाशी करणार? तिथे नोकऱ्यांच्या तारखा, पदं आणि शिक्षणाचे तपशील एका फाइलमध्ये तयार ठेवावेत आणि अर्धा तास घालवण्याइतकी ती जागा हवी आहे का, ते ठरवावं. तशीच वेगळी गोष्ट पैशांची. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, यांतलं काहीही मागितलं की बोलणं तिथेच थांबवायचं. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. जितकं लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

परीक्षा की काम?

असाइनमेंटचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण कामाचा नमुना पाहून माणूस निवडणं ही मुळात चांगली पद्धत आहे. ज्याला मुलाखतीत बोलता येत नाही पण काम उत्तम येतं, त्याला तिचा फायदाच होतो. लहान गावातून आलेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या कितीतरी मुलांना अशा चाचण्यांनीच नोकऱ्या मिळाल्या आहेत. म्हणून असाइनमेंट म्हटली की पिळवणूक, असं मला वाटत नाही. प्रश्न ती किती मोठी आहे, कधी मागितली आहे आणि तिचं पुढे काय होणार, हा आहे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, डिजिटल मार्केटिंगमध्ये दोन वर्षं काम केलेली, महिना ३०,००० रुपये पगार असलेली एक मुलगी बाणेरच्या एका स्टार्टअपकडे अर्ज करते. उत्तरात ईमेल येते: आमच्या नव्या उत्पादनासाठी दोन महिन्यांचं कंटेंट कॅलेंडर तयार करा, म्हणजे रोजची एक पोस्ट काय असेल ते लिहा, त्यातल्या दहा पोस्ट डिझाइनसकट पूर्ण करा, पाच स्पर्धकांचा अभ्यास द्या, डिझाइनच्या मूळ, बदल करता येण्याजोग्या फाइल्स जोडा, मुदत सोमवार सकाळ.

आधी घड्याळ लावायचं. कॅलेंडरच्या साठ नोंदी, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी दहा तास. दहा पोस्ट, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे साडेसात तास. पाच स्पर्धक, प्रत्येकी एक तास. एकूण साडेबावीस तास. महिन्याचे पंचवीस दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर तिच्या तासाची किंमत १५० रुपये होते. म्हणजे ३,३७५ रुपयांचं काम ती एका ईमेलच्या उत्तरात फुकट देणार. रुपये फार नाहीत, पण नोकरी सांभाळून हे करायचं तर तीन रात्री जागावं लागतं. आणि हेच पंधरा उमेदवारांना पाठवलं असेल, तर कंपनीच्या हातात तीनशेहून अधिक तासांचं तयार काम येतं. त्यातल्या एकाशीही तिचा कुणी माणूस अजून बोललेला नसतो.

आता मागणीकडे नीट पाहू. उत्पादन खरं आहे, येऊ घातलेलं आहे. दोन महिन्यांचं कॅलेंडर मागितलं आहे, पण उमेदवाराची कुवत एका आठवड्याच्या कॅलेंडरवरून कळते. उरलेले सात आठवडे कुवत मोजण्यासाठी लागत नाहीत, वापरण्यासाठी लागतात. मूळ फाइल्सचंही तेच. परीक्षकाला चित्र पाहायचं असतं, त्यातली अक्षरं बदलायची नसतात. मला विचाराल तर या ईमेलमधली सगळ्यात बोलकी ओळ मूळ फाइल्सचीच आहे.

प्रत्येक क्षेत्रात ही ओळ वेगळ्या रूपात येते. अनुवादाच्या कामात अडीचशे-तीनशे शब्दांचा फुकट नमुना देण्याची रीत आहे आणि ती रास्त आहे. पण दोन हजार शब्दांचा सलग मजकूर आला, त्याला आगापीछा नसला आणि ओळखीच्या दुसऱ्या अनुवादकाला त्याच पुस्तकाचा वेगळाच तुकडा गेलेला निघाला, तर ते पुस्तक उमेदवारांकडून तुकड्यातुकड्यांनी अनुवादित करून घेतलं जातं आहे असं खुशाल समजावं. खऱ्या परीक्षेत सगळ्यांना एकच उतारा असतो, नाहीतर तुलना कशी करणार? कोचिंग क्लासमध्ये एक डेमो लेक्चर ही परीक्षा, पण एका प्रकरणाचे शंभर बहुपर्यायी प्रश्न उत्तरांसह मागणं हे काम. विक्रीच्या नोकरीत 'तुम्ही ग्राहकाशी कसं बोलाल' हे दाखवायला सांगणं ठीक, पन्नास ग्राहकांची नावं आणि फोन नंबर आणायला सांगणं ठीक नाही. ते नंबर बहुधा तुमच्या सध्याच्या कंपनीचे असतात, आणि ते देऊन तुम्ही स्वतःच अडचणीत याल. सॉफ्टवेअरमध्ये तास-दीड तासाची ऑनलाइन चाचणी सर्रास असते, तिला हरकत घेऊ नये. लॉगिन, पेमेंट आणि ॲडमिन पॅनेलसकट चालतं ॲप बनवून सर्व्हरवर चढवा, असं सांगितलं तर मात्र ते ॲपच हवं आहे.

उत्तर कसं लिहावं?

आपल्या उदाहरणातल्या मुलीने काय लिहावं? माझ्या मते असं:

"नमस्कार. असाइनमेंट पाठवल्याबद्दल आभार. मी ती नीट वाचली. सांगितलेल्या स्वरूपात तिला साधारण बावीस तास लागतील. सध्याची नोकरी सांभाळून सोमवारपर्यंत इतका वेळ देणं मला शक्य नाही. त्याऐवजी मी एका आठवड्याचं कॅलेंडर, एक पूर्ण पोस्ट आणि एका स्पर्धकाबद्दल अर्ध्या पानाचं टिपण बुधवारी संध्याकाळपर्यंत देऊ शकते. त्याआधी या टीमचं काम पाहणाऱ्या व्यक्तीशी पंधरा मिनिटं फोनवर बोलता आलं तर तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते कळेल. हे काम फक्त निवडीसाठी वापरलं जाईल ना, एवढं कळवावं. आधीच्या कामाचे तीन नमुने सोबत जोडले आहेत. पूर्ण असाइनमेंटच हवी असेल तर ती मानधनावर करायची माझी तयारी आहे."

पर्यायाचा हिशेब पाहा. सात नोंदींना तास-सव्वा तास, एका पोस्टला पाऊण तास, टिपणाला एक तास. सगळं मिळून तीन तास. माझ्या मते ही मुलाखतीआधीच्या फुकट कामाची वाजवी सीमा आहे. ईमेलमध्ये तक्रारीचा सूर नाही, 'हे अन्यायकारक आहे' असं कुठे म्हटलेलं नाही. बावीस तास हा आकडा ते काम करून जातो. अनेकदा असाइनमेंट लिहिणाऱ्याने ती स्वतः कधी सोडवलेली नसते आणि तिला किती वेळ लागतो हे त्याला खरंच ठाऊक नसतं. आकडा वाचून असाइनमेंट छोटी केल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. आणि 'शक्य नाही'नंतर लगेच 'त्याऐवजी' आलं आहे, त्यामुळे एचआरला हा मजकूर जसाच्या तसा वरच्या साहेबांकडे पाठवता येतो. तिच्या हातात नियम बदलण्याचा अधिकार सहसा नसतो, पण मजकूर पुढे ढकलणं तिच्या हातात असतं. उत्तर लिहिताना हे लक्षात ठेवावं.

यावर तीनांपैकी एक उत्तर येतं. फोन ठरला, तर प्रश्नच मिटला. त्या फोनवर मोकळेपणाने विचारावं: या जागेसाठी किती फेऱ्या आहेत, असाइनमेंट कोण तपासणार, आणि ती देणाऱ्याला अभिप्राय मिळतो का. असाइनमेंट तपासणाऱ्याचं पद सांगता येत नसेल तर ती कुणी तपासणार नाही असं धरून चालावं.

दुसरं उत्तर 'ही आमची प्रोसेस आहे, सगळ्यांना सारखीच' असं येतं. इथे स्वतःची परिस्थिती प्रामाणिकपणे पाहावी. हातात नोकरी असेल तर आभार मानून थांबावं. नोकरी नसेल, नुकतंच कॉलेज संपलं असेल, दाखवायला एकही नमुना नसेल, तर ते काम करण्यातही कमीपणा नाही. घरभाडं डोक्यावर असलेल्या मुलाला बाहेरून 'फुकट करू नको' असं सांगणं फार सोपं असतं. मात्र तेव्हाही काम स्वतःच्या उपयोगाचं होईल असं करावं. मागितलेल्या उत्पादनाऐवजी त्याच प्रकारचा एखादा काल्पनिक ब्रँड घेऊ का, असं विचारावं. तसं झालं तर तोच नमुना पुढे दहा ठिकाणी दाखवता येतो. फाइल पीडीएफ करून पाठवावी, मूळ फाइल मागे ठेवावी. प्रत्येक पानावर नाव, तारीख आणि 'फक्त निवडप्रक्रियेसाठी' एवढी ओळ असावी. आणि पाठवायचं ते स्वतःच्या ईमेलवरून, म्हणजे कोणतं काम कोणत्या दिवशी दिलं याचा पुरावा आपल्याकडे राहतो. नुसत्या गुगल फॉर्मवर फाइल चढवली तर तो राहत नाही.

तिसरं उत्तर म्हणजे शांतता. चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करावी, मग नाव खोडून टाकावं. अशा शांततेने मुलांना फार लागतं, त्यांना वाटतं आपण जास्त बोललो. पण पंधरा मिनिटांचा फोन मागितल्यावर जी कंपनी गप्प बसते, ती रुजू झाल्यावर सुट्टी मागितली तरी गप्पच बसेल.

काम वापरलं गेलं तर

उमेदवार हा कर्मचारी नसतो, त्यामुळे वेतनाचे कायदे सहसा त्याच्या मदतीला येत नाहीत. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा येतो. त्याच्या १७ व्या कलमानुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं होतं, पण तुम्ही अजून नोकरीत आलेलाच नाही. १९ व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. लेख, चित्र, संगणकाचा प्रोग्राम, सगळ्याला हे लागू आहे. म्हणून फॉर्मच्या तळाशी 'सादर केलेलं सर्व साहित्य कंपनीच्या मालकीचं' अशी अट बारीक अक्षरांत आहे का, ते चौकटीत खूण करण्याआधी वाचावं. दिसली तर असाइनमेंट देऊ नये.

या संरक्षणाला एक मोठी मर्यादा आहे. कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. तुम्ही सुचवलेली मोहीम कंपनीने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या चित्रांत केली तर हातात काहीच उरत नाही. ज्यांच्या कामाचा जीवच कल्पनेत असतो, म्हणजे जाहिरात, ब्रँडिंग, कार्यक्रमांचं आयोजन, त्यांनी असाइनमेंटमध्ये सगळ्यात चांगली कल्पना लिहून देऊ नये. एक साधी कल्पना पूर्ण मांडावी आणि बाकीच्यांबद्दल 'मुलाखतीत सांगेन' एवढंच लिहावं.

तुमची पोस्ट जशीच्या तशी कंपनीच्या पानावर दिसली तर आधी तिचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात तारीख आणि पानाचा पत्ता दिसला पाहिजे. मग एचआरला लिहावं: "अमुक तारखेला निवडीसाठी पाठवलेलं माझं काम तुमच्या पानावर अमुक तारखेला प्रसिद्ध झालेलं दिसलं. ते वापरायची परवानगी मी दिलेली नाही. सात दिवसांत ते काढावं किंवा सोबतच्या बिलाप्रमाणे मानधन द्यावं." बिल खरंच जोडावं, बाजारभावाचं, फुगवलेलं नको. दहा पोस्टसाठी कोर्टात जाणं कुणालाच परवडत नाही. पण फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन या सगळ्यांकडे कॉपीराइटच्या तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म असतो. तो भरायला वकील लागत नाही. तिथे स्वतःच्या ईमेलवरून पाठवलेल्या तारखेच्या पीडीएफचा पुरावा उपयोगी पडतो, आणि तक्रार मान्य झाली की ती पोस्ट पानावरून उतरवली जाते.